आजार रक्तात की काचेवर?

सीबीसी ही रक्ताची सगळ्यात साधी तपासणी. तिचा रिपोर्ट आज मिनिटाभरात यंत्रातून बाहेर पडतो. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट हे सगळं यंत्रच मोजतं. तरीही एखादा आकडा फार वर किंवा फार खाली गेला, की पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत एक जुनं काम हाती घ्यावंच लागतं. त्याच नळीतला एक थेंब काचेवर पसरायचा, वाळवायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी बघायचा. याला स्मिअर म्हणतात. पेशी किती आहेत आणि केवढ्या आहेत हे यंत्र सांगतं. त्या दिसतात कशा, हे स्मिअरवर कळतं. मलेरियाचा जंतू, ल्युकेमियातल्या अर्धवट वाढलेल्या पेशी, फुटून तुकडे झालेल्या तांबड्या पेशी, या सगळ्यांचा निवाडा अजूनही काचेवर होतो.

पण काचही फसवते. थेंब शरीरातून निघाल्यापासून भिंगाखाली येईपर्यंत सुई, नळीतलं रसायन, हवा, रंग आणि पाणी यांतून जातो. यातलं काहीही पेशींवर आपली खूण सोडू शकतं. अशा खुणेला आर्टिफॅक्ट म्हणतात. बहुतेक आर्टिफॅक्ट निरुपद्रवी असतात, पण काही हुबेहूब आजारासारखे दिसतात आणि निरोगी माणसाच्या मागे उपचार लावतात. ते ओळखायची एक किल्ली आहे. आजारानं बदललेली पेशी स्मिअरच्या कोणत्याही चांगल्या भागात, कोणत्याही ताज्या थेंबात पुन्हा भेटते. काचेनं केलेला दोष मात्र एखाद्या जागेला, एखाद्या फोकसला किंवा एखाद्या वेळेला बांधलेला असतो. स्मिअर कसा बनतो हे समजलं, की ही किल्ली कशी चालते तेही समजतं.

रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतात. तिच्यात ईडीटीए नावाचं रसायन असतं. ते रक्तातलं कॅल्शियम पकडून ठेवतं, आणि कॅल्शियमशिवाय रक्त गोठत नाही. नळीवरच्या खुणेपर्यंत रक्त भरायचं आणि नळी आठ-दहा वेळा हलकेच उलटीसुलटी करायची, एवढंच काम, पण इथेच अर्धी लढाई ठरते. नळी कमी भरली तर थोड्या रक्ताला जास्त ईडीटीए मिळतं आणि पेशी आक्रसतात. नीट उलटसुलट केली नाही तर आत बारीक गुठळ्या होतात. आणि नळी तासन्‌तास तशीच पडून राहिली तर पेशी जुन्या होत जातात. म्हणून स्मिअर शक्यतो तासाभरात, फार तर चार तासांत करावा असा दंडक आहे. गावातल्या कलेक्शन सेंटरवर सकाळी घेतलेलं रक्त दुपारनंतर शहरातल्या लॅबमध्ये पोचत असेल, तर निदान स्मिअर तरी तिथेच करून, वाळवून सोबत पाठवायला हवा. ही सोय फार थोडे करतात.

स्मिअर पसरायची रीत दिसायला सोपी आहे. स्वच्छ काचेच्या एका टोकापासून साधारण एक सेंटिमीटर आत, दोन-तीन मिलिमीटरचा छोटा थेंब ठेवायचा. दुसरी, गुळगुळीत कडेची काच थेंबाच्या पुढे 30 ते 45 अंशात तिरकी टेकवायची आणि मागे सरकवून थेंबाला लावायची. रक्त तिच्या कडेनं दोन्ही बाजूंना पसरतं. ते पसरलं की एका दमात, न थांबता आणि न दाबता काच पुढे न्यायची. नीट जमलं तर जिभेच्या आकाराची, तीन-चार सेंटिमीटर लांब फिल्म तयार होते. ती थेंबाच्या बाजूला जाड असते आणि टोकाकडे पातळ होत जाते. दोन्ही कडांना थोडी काच मोकळी राहायला हवी, कारण कडाही तपासायच्या असतात.

थेंब तोच असला तरी रक्त सारखं नसतं. ॲनिमियाच्या रुग्णाचं रक्त पातळ असतं, ते काचेपुढे पळतं; अशा वेळी काच थोडी उभी धरून हात जरा झपाट्यानं न्यावा लागतो. हिमोग्लोबिन फार वाढलेलं असेल तर रक्त दाट असतं. तिथे कोन कमी आणि हात सावकाश. हे पुस्तकात वाचून कळतं, पण हाताला यायला शेकडो काचा जातात. चांगल्या टेक्निशियनचा हात थेंबाकडे बघताच आपोआप कोन बदलतो, आणि अशा माणसाचं मोल प्रयोगशाळेनं ओळखायला हवं असं मला मनापासून वाटतं.

या जिभेचा प्रत्येक भाग वाचण्याजोगा नसतो. थेंबाजवळच्या जाड भागात तांबड्या पेशी एकावर एक चढतात आणि चळती रचलेल्या दिसतात. मायलोमा या कर्करोगात रक्तातली प्रथिनं वाढतात तेव्हा अशाच चळती दिसतात, पण त्या पातळ भागातही दिसतात. अगदी टोकाला उलटं होतं. तिथे पेशी सपाट पसरून त्यांचा मधला फिकटपणा जातो आणि त्या भरीव गोल दिसू लागतात. जन्मजात स्फेरोसायटोसिस नावाच्या आजारात पेशी अशाच भरीव दिसतात. म्हणून वाचायचा तो मधला पट्टा, जिथे पेशी एकमेकींना जेमतेम टेकलेल्या आहेत आणि प्रत्येकीच्या मध्यभागी, व्यासाच्या साधारण एक तृतीयांश, फिकट भाग दिसतो. टोकाला भरीव पेशी दिसल्या की दोन फील्ड मागे यायचं. तिथे फिकट मध्य परत आला, तर तो आजार नव्हता, ती जागा होती.

पसरलेला स्मिअर ताबडतोब वाळायला हवा. पुस्तकं हे एका ओळीत सांगतात, पण मुंबईत किंवा कोकणात जुलैमध्ये काम करणाऱ्याला ती ओळ पानभर वाटते. हवा ओलीनं भरलेली असते, काच सादळलेली असते, आणि फिल्म वाळायला वेळ घेते. तेवढ्या वेळात पेशींवर पाणी आपलं काम करतं. तांबडी पेशी म्हणजे हिमोग्लोबिननं भरलेली लवचीक पिशवी. पूर्ण वाळण्याआधी तिच्यावर ओल राहिली, किंवा तिला पक्कं करणाऱ्या मेथॅनॉलमध्ये पाणी असलं, तर आतलं हिमोग्लोबिन मध्यभागातून हटतं आणि तिथे लख्ख पांढरी, चमकणारी पोकळी उरते. एका नजरेत वाटतं, की पेशीत हिमोग्लोबिनच कमी आहे, म्हणजे लोहाची कमतरता. आपल्याकडे लोहाच्या कमतरतेचा ॲनिमिया इतका सर्रास आहे, की ही चूक कुणाला खटकतही नाही.

मेथॅनॉल हे या गोंधळाचं मोठं कारण असतं आणि ते सहसा लक्षात येत नाही. शुद्ध मेथॅनॉल हवेतली ओल ओढून घेतं. झाकण सैल राहिलेली बाटली पावसाळ्यात काही दिवस टेबलावर राहिली, तर तिच्यात शिरलेला पाण्याचा काही टक्के अंशसुद्धा पेशी बिघडवायला पुरतो. आपल्याकडे लीशमन स्टेन सगळ्यात जास्त वापरतात. तो मेथॅनॉलमध्येच बनवलेला असतो, त्यामुळे त्याच्या बाटलीलाही हेच लागू आहे.

खरा फिकटपणा आणि पाण्याचा दोष यांत फरक कळतो तो कडेवरून. लोहाच्या कमतरतेत पेशीचा रंग कडेकडून मध्याकडे हळूहळू उतरत जातो. सीमारेषा अशी नसते. पाण्यानं झालेल्या पोकळीला रेखीव, कोरलेली कड असते, आणि सूक्ष्मदर्शकाचा बारीक फोकस जरा पुढेमागे केला की ती चकाकते. शिवाय यंत्राचा आकडा हाताशी असतो. प्रत्येक तांबड्या पेशीत सरासरी किती हिमोग्लोबिन आहे ते एमसीएच या आकड्यावरून कळतं. ते साधारण 27 ते 32 पिकोग्रॅम असायला हवं. काचेवर सगळ्या पेशी पोकळ आणि यंत्रात एमसीएच 29, असं असेल तर काच खोटं बोलते आहे. उपाय सोपे आहेत. काच पसरताच पंख्याखाली किंवा हातानं हलवून काही सेकंदांत वाळवायची, पावसाळ्यात टेबलावर थोडी ऊब ठेवायची, मेथॅनॉल छोट्या, घट्ट बुचाच्या बाटल्यांत ठेवायचं आणि वरचेवर बदलायचं.

आता रंगाकडे. आज वापरात असलेले बहुतेक रंग 1891 च्या एका शोधातून आले. सेंट पीटर्सबर्गच्या दिमित्री रोमानोव्स्की यांनी इओसिन आणि मेथिलीन ब्लू हे दोन रंग एकत्र वापरले, तेव्हा मलेरियाच्या जंतूचं केंद्रक जांभळं दिसलं. दोन्ही रंग वेगवेगळे वापरले तर तसं होत नाही. हिंदुस्थानात नोकरी केलेले ब्रिटिश लष्करी डॉक्टर विल्यम लीशमन यांनी 1901 मध्ये त्याला सोपं रूप दिलं आणि आपल्या प्रयोगशाळांनी ते आजवर सोडलेलं नाही. यात इओसिन हिमोग्लोबिनला धरून पेशी गुलाबी करतो, आणि मेथिलीन ब्लूपासून बनलेले निळे रंग केंद्रकातल्या डीएनएला धरतात.

लीशमन स्टेनची पद्धत दोन टप्प्यांची आहे. काचेवर स्टेन ओतून साधारण दोन मिनिटं ठेवायचा. या वेळात त्यातलं मेथॅनॉल पेशींना पक्कं करतं, रंग अजून चढत नाही. मग स्टेनच्या दुप्पट बफर पाणी घालून ते मिसळायचं आणि सात ते दहा मिनिटं थांबायचं. खरा रंग पाणी मिळाल्यावर चढतो. बफरचा पीएच 6.8 असावा लागतो. पाणी अल्कधर्मी असेल तर सगळ्या तांबड्या पेशी निळसर होतात आणि पांढऱ्या पेशींमधले कण गडद होऊन जंतुसंसर्ग असल्यासारखं वाटतं. पाणी आम्लधर्मी असेल तर सगळं लालभडक होतं, केंद्रकं फिकी पडतात आणि मलेरियाचा जंतू समोर असून दिसत नाही. नळाचं पाणी तालुक्यागणिक बदलतं, म्हणून बफर बनवून वापरायचा आळस महागात पडतो.

शेवटी धुवायचं, आणि इथे एक बारीक गोष्ट आहे. स्टेन ओतून टाकून मग पाणी घालायचं नाही. वर तरंगणारी रंगाची साय तशीच पेशींवर बसते. काचेवर स्टेन असतानाच एका बाजूनं पाण्याची धार सोडायची, म्हणजे साय वाहून जाते. स्टेन आधी गाळूनही घ्यावा. हे दोन्ही चुकलं, की काचेवर गडद जांभळे ठिपके विखुरतात आणि मलेरियाचा गोंधळ सुरू होतो.

मलेरियाचा कोवळा जंतू तांबड्या पेशीच्या आत अंगठीच्या आकाराचा दिसतो. निळसर कड, मध्ये रिकामी जागा आणि कडेवर तांबडा ठिपका. व्हायव्हॅक्स मलेरियात तर ती पेशी शेजारच्या पेशींपेक्षा मोठी होते आणि तिच्यात बारीक गुलाबी ठिपके येतात. रंगाचा साका यापेक्षा वेगळा वागतो. तो पेशींवरही असतो आणि पेशींच्या मधल्या मोकळ्या जागेतही, आणि पेशीवर असला तरी पेशीच्या फोकसमध्ये नसतो, थोडा वर असतो. जंतू पेशीच्या आत असल्यामुळे पेशी आणि जंतू एकाच वेळी स्पष्ट होतात. दुसरा तोतया म्हणजे तांबड्या पेशीवर येऊन बसलेली प्लेटलेट. प्लेटलेट दोन-तीन मायक्रॉनची, जांभळट, कणीदार, आणि पेशीवर बसल्यावर तिच्याभोवती बहुधा एक फिकट कडं दिसतं. तिला ओळखायचं तर जवळपासच्या मोकळ्या प्लेटलेट बघायच्या. आकार आणि रंग तोच असेल तर ती प्लेटलेटच. शंका उरलीच तर जाड थेंबाचा स्मिअर आणि रॅपिड टेस्ट करायची. तापाच्या माणसाला एका ठिपक्यावरून मलेरियाची औषधं देणं वाईट. त्याहून वाईट म्हणजे ठिपका बघून समाधान मानून तापाचं खरं कारण शोधायचं थांबणं.

पण आर्टिफॅक्टनं माणसाला सगळ्यात जास्त घाबरवायचं असेल, तर ते प्लेटलेटच्या बाबतीत. डेंग्यूच्या हंगामात प्लेटलेटचा आकडा घराघरात बोलला जातो, आणि लाखाखाली गेला की नातेवाईक रक्तपेढी शोधू लागतात. काही वेळा हा आकडा नळीतच घडलेला असतो.

असं का होतं ते बघू. ईडीटीए कॅल्शियम काढून घेतं, तेव्हा प्लेटलेटच्या पृष्ठभागावरच्या एका प्रथिनाची घडण बदलते आणि एरवी झाकलेला भाग उघडा पडतो. काही माणसांच्या रक्तात या उघड्या भागाला ओळखणारी अँटिबॉडी असते. शरीरात ईडीटीए नसल्यामुळे ती अँटिबॉडी गप्प असते आणि त्या माणसाला काहीच त्रास नसतो. नळीत मात्र ती प्लेटलेटना एकमेकींना चिकटवते. वेळ जातो आणि नळी थंड होते, तसे पुंजके वाढतात. साधारण हजारात एका माणसाच्या बाबतीत हे घडतं. यंत्र प्लेटलेट ओळखतं ती आकारमानावरून. पन्नास प्लेटलेटचा पुंजका त्याच्या हिशेबात एकही प्लेटलेट नसतो; उलट तो कधी पांढऱ्या पेशींत मोजला जातो आणि त्यांचा आकडा खोटाच वाढतो.

एक नमुन्यादाखलचा प्रसंग घेऊ. समजा, चाळिशीतल्या एका बाईंची पित्ताशयाची शस्त्रक्रिया ठरली आहे. आदल्या दिवशीच्या सीबीसीत हिमोग्लोबिन 12.6, पांढऱ्या पेशी 9,400 आणि प्लेटलेट 41,000. सर्जन थांबतात, कारण एवढ्या कमी प्लेटलेटवर शस्त्रक्रिया धोक्याची. बाईंच्या अंगावर मात्र एकही निळा डाग नाही, हिरड्यांतून रक्त येत नाही, पाळीचा स्राव नेहमीसारखा आहे. आकडा आणि माणूस जुळत नाहीत.

टेक्निशियन स्मिअर लावतात. ऑइल इमर्शनखाली मधल्या पट्ट्यात सरासरी एका फील्डमध्ये 3 प्लेटलेट दिसतात. ईडीटीएच्या रक्तात हा आकडा 15,000 नं गुणला की अंदाजे संख्या मिळते. तीन गुणिले पंधरा हजार, म्हणजे 45,000. यंत्राशी जुळलं! घाईतला माणूस इथे सही करून मोकळा होईल, आणि चूक दोनदा पक्की होईल. कारण पुंजके जड असतात. काच ओढताना ते मधल्या पट्ट्यात राहत नाहीत, वाहत जाऊन टोकाला आणि कडांना जमतात. म्हणून प्लेटलेट कमी दिसल्या की शंभराच्या लेन्सखाली जाण्याआधी दहाच्या लेन्सखाली जिभेचं पूर्ण टोक आणि दोन्ही कडा फिरून बघायच्या. या बाईंच्या स्मिअरच्या टोकाला जांभळट कणीदार पुंजके रांगेनं उभे असतात, एकेकात तीस, चाळीस, साठ प्लेटलेट. काहींच्या रक्तात वेगळं चित्रही दिसतं. पुंजक्यांऐवजी प्लेटलेट न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींभोवती कडं करून चिकटतात. परिणाम तोच.

आता खातरजमा. बाईंचं रक्त पुन्हा घेतात, या वेळी एकाच टोचणीत दोन नळ्यांत: निळ्या टोपणाची सायट्रेटची नळी आणि जांभळ्या टोपणाची ईडीटीएची. सायट्रेटची नळी पंधरा मिनिटांत यंत्राला देतात. आकडा येतो 2,02,000. या नळीत नऊ भाग रक्ताला एक भाग द्रावण असतं, म्हणून तो 1.1 नं गुणायचा, झाले 2,22,200. सायट्रेटच्या स्मिअरवर फील्डमागे 15 प्लेटलेट दिसतात, म्हणजे अंदाज सव्वादोन लाखांचा. ईडीटीएची नळी लगेच लावली तेव्हा 1,68,000 दाखवते, आणि तीच नळी तासाभरानं पुन्हा लावली तर 52,000. माणूस तोच, नळी तीच, फक्त घड्याळ पुढे गेलं. दुसऱ्या नळीच्या पहिल्या मोजणीत पांढऱ्या पेशीही 8,000 वर आल्या आहेत. पहिल्या रिपोर्टमधल्या जादाच्या पेशी म्हणजे पुंजकेच होते. आता शस्त्रक्रियेला हरकत नाही.

हे ओळखलं गेलं नाही तर काय होतं, याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत भरपूर आहेत. शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या, स्टेरॉइडं सुरू झाली, बोन मॅरोची तपासणी झाली, प्लेटलेटच्या पिशव्या चढल्या. आणि हे सगळं निरोगी माणसाला.

या गोष्टीला मर्यादाही आहेत. काहींच्या प्लेटलेट सायट्रेटमध्येही चिकटतात. त्यांचं रक्त शरीराइतक्या उबेत ठेवून, किंवा बोटातून घेऊन लगेच पातळ करून मोजावं लागतं. बोटाच्या रक्ताचा थेट काचेवर केलेला स्मिअर मात्र प्लेटलेट मोजायला चालत नाही, कारण जखमेतून येणाऱ्या प्लेटलेट आपल्या स्वभावानुसारच एकमेकींना चिकटतात. दुसरं असं, की प्रत्येक पुंजका अँटिबॉडीमुळे नसतो. शीर सापडायला वेळ लागला, सुई दोनदा हलली, तर नळीत रक्त अर्धवट गोठू लागतं आणि तिथेही पुंजके दिसतात. फरक असा, की तिथे प्लेटलेटबरोबर फायब्रिनचे धागे दिसतात आणि नळीत काडी फिरवली की गुठळी हाताला लागते. उपाय म्हणजे नीट, एका टोचणीत पुन्हा रक्त घेणं. आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं: पुंजके दिसले म्हणजे प्लेटलेट भरपूर आहेत असं ठरत नाही. छापलेला आकडा खरा नाही, एवढंच ठरतं. डेंग्यूच्या रुग्णाच्या प्लेटलेट खरोखर 60,000 असतील आणि पुंजक्यांमुळे 20,000 दिसत असतील, तर दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

जुन्या रक्ताचा आणखी एक दोष जाता जाता सांगायला हवा. नळी बराच वेळ पडून राहिली की तांबड्या पेशींच्या कडेला सारख्या अंतरावर बारीक टोकं येतात. मूत्रपिंड निकामी होत असताना अशाच पेशी दिसतात, त्यामुळे निष्कारण क्रिएटिनिनची शंका येते. ताज्या रक्ताचा स्मिअर केला की टोकं नाहीशी होतात. खऱ्या आजारात ती होत नाहीत.

वाचकाच्या हातात येतो तो छापलेला रिपोर्ट. काच त्याला दिसत नाही. पण काही गोष्टी तो नक्की करू शकतो. अंगावर डाग नाहीत, कुठून रक्त जात नाही, आणि प्लेटलेट अचानक फार कमी आल्या, तर डॉक्टरांना विचारावं, की स्मिअर बघितला का आणि टोकाला पुंजके होते का. रिपोर्टखाली ‘प्लेटलेटचे पुंजके दिसले’ असा शेरा असेल, तर वरचा आकडा धरून कोणताही निर्णय घेऊ नये. सायट्रेटच्या नळीत पुन्हा मोजून घ्यावं. ताप असेल आणि सोबत पोटात जोराचं दुखणं, सतत उलट्या, रक्तस्राव किंवा गळून गेल्यासारखं वाटत असेल, तर आकडा खरा की खोटा या वादात न पडता आधी रुग्णालय गाठावं. आणि आपल्या प्लेटलेट ईडीटीएमध्ये चिकटतात असं एकदा सिद्ध झालं असेल, तर लॅबकडून तसं लेखी घ्यावं, त्याची प्रत आपल्या फाइलमध्ये ठेवावी आणि पुढच्या प्रत्येक रक्ततपासणीच्या वेळी सुई टोचण्याआधीच ती दाखवावी.